विसरणं ज्याचं त्याचं

सांजवर्गाच्या बाईंनी खुर्चीत बसून पाय धरला, कण्हायला सुरुवात केली, आणि सिस्टरच्या तोंडचं पाणी पळालं.

बाई काही आजारी नव्हत्या. ही तोंडी परीक्षेची तालीम होती. बाई पेशंट, सिस्टर सिस्टर, आणि बाकीचा वर्ग बाकांवर बसून बघणारा. बाई इथल्या, या परक्या देशातल्या भाषेत कण्हत होत्या. इथली भाषा आणि आपली भाषा, दोन्ही त्यांना सारख्याच जवळच्या. पण तालमीच्या वेळी त्या आपल्या भाषेतला एक शब्दसुद्धा तोंडाबाहेर काढायच्या नाहीत.

बाई बरंच काही बोलल्या. त्यातून सिस्टरच्या हाती दोनच शब्द लागले, ‘पाय’ आणि ‘काल’. मधलं सगळं हातातून निसटलेल्या ओल्या साबणासारखं गेलं. तिने विचारायला तोंड उघडलं. काय विचारायचं ते आपल्या भाषेत लख्ख दिसत होतं: सूज आहे का, ठणका लागलाय की कळ येते, पाय मुरगळला होता का. एवढी वर्षं नर्स म्हणून वॉर्डात काढलेली, हे तर ती झोपेतही विचारील. पण इथल्या भाषेतला एकही शब्द जिभेवर यायला तयार नव्हता.

“पाय…” ती म्हणाली. “पाय… वाईट?”

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं.

बाईंनी पाय सोडला आणि त्या आपल्या भाषेवर आल्या. “सिस्टर, सूज, ठणका, मुरगळणं हे शब्द तर तुम्ही कधीच संपवलेत. मागच्याच आठवड्यात सांगत होतात, कार्डं सगळी आटोक्यात आली म्हणून.”

“आलीत ना बाई. रोज संध्याकाळी बसते मी.”

“दाखवा बघू.”

सिस्टरने फोन पुढे केला. कार्डांचं हे तंत्र बाईंनीच वर्गाला लावून दिलं होतं. कार्डाच्या एका बाजूला आपल्या भाषेतलं वाक्य, त्यात एक शब्द ठळक. मनात किंवा मोठ्याने इथल्या भाषेतला शब्द म्हणायचा, मग कार्ड उलटायचं. मागे तो शब्द आणि इथल्या भाषेतलं अख्खं वाक्य. मग खालची बटणं: ‘परत’, ‘अवघड’, ‘आलं’, ‘सोपं’. ‘परत’ दाबलं की कार्ड थोड्या वेळाने पुन्हा दारात हजर. ‘आलं’ म्हटलं की काही दिवसांनी, मग त्याहून लांब, मग आणखी लांब. ‘सोपं’ म्हटलं की लांबच लांब उडी. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या होत्या, “गाणारा ध्रुवपदाला परत येतो तसं हे आहे. ऐकणाऱ्याच्या मनातून ते निसटायला लागतं ना, नेमका तेव्हा तो ते पुन्हा उचलतो. लगेच उचललं तर कंटाळा, फार उशिरा उचललं तर कोणाला आठवतंय? हे यंत्र तुमच्या विसरण्याचा अंदाज बांधतं. पण तो अंदाज तुमच्या बोटावर बांधलेला असतो. बोट खोटं बोललं की यंत्र फसलं.”

बाई स्क्रीनवर बोट फिरवत होत्या आणि त्यांच्या कपाळावर एकेक आठी चढत होती.

“सूज. पुढची उजळणी परीक्षेनंतर. ठणका, परीक्षेनंतर. मुरगळणं तर थेट पुढच्या वर्षी! सिस्टर, ‘आलं’ नाही, प्रत्येक वेळी ‘सोपं’ दाबल्याशिवाय कार्ड इतकं लांब जात नाही.”

“मी ‘सोपं’ कशाला दाबेन? मला काही सोपं जातच नाही!”

वर्ग पुन्हा हसला. बाई हसल्या नाहीत. त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि ते हळू बोलणंच जास्त लागलं: “थकून आल्यावर होतं असं. ढीग बघितला की वाटतं, दाबून टाकावं आणि मोकळं व्हावं. माझ्यापासून लपवण्यात काही नाही. पण स्वतःला फसवू नका.”

“बाई, देवाशपथ. माझ्या बोटाने खोटं दाबलेलं नाही.”

“मग दुसऱ्या कुणाचं बोट आहे का?” बाई थट्टेनेच म्हणाल्या, आणि फोन परत दिला. “परीक्षेला कोणाची नावं धाडायची ते मला आठवड्याभरात ठरवायचंय. आजच्यासारखं असेल तर मी तुमचं नाव धाडू शकणार नाही. नापास झालात तर पुन्हा बसायला वर्ष जाईल.”

वर्ष जाईल. म्हणजे आणखी एक वर्ष इस्पितळाच्या तळघरात, वाफेच्या यंत्रांपुढे चादरी घड्या घालत. वर वॉर्डात चालतं ते काम ती शिकलेली, तिच्या हाताखाली नवशिक्या नर्स तयार झालेल्या, आणि लग्न होऊन इथे आली तशी ती त्याच कामाच्या खाली दोन मजले उतरली. प्रमाणपत्रं सगळी मान्य होती. अडलं होतं ते भाषेवर. पेशंटला काय होतंय ते विचारता येत नसेल तर वॉर्डात कसं घेणार, असं इस्पितळाचं म्हणणं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. तळघरात तिला कोणी नावाने हाक मारत नसे, कामाने तर नाहीच. सांजवर्गात मात्र पहिल्या दिवशी ओळख सांगताना ती “मी सिस्टर” एवढंच बोलली होती, आणि तेवढ्या एका खोलीत ती अजून सिस्टर होती. आज त्याच खोलीत ती खोटारडी ठरली.

घराकडे जाताना ती स्वतःशी भांडत होती. माझ्याच डोक्यात बिघाड आहे का? गेले कित्येक दिवस संध्याकाळी कार्डांचा ढीग आयता बारीक झालेला दिसायचा. नवी कार्डं तेवढी ती शिकायची, जुनी दोन-चार असायची, की संपलं. तिला वाटलं होतं, चला, डोकं चालायला लागलं. देवाचे आभारसुद्धा मानले होते तिने! आता त्या आभाराचीही लाज वाटायला लागली.

तालीम लवकर आटोपली म्हणून ती नेहमीपेक्षा लवकर घरी पोचली. दार नुसतं लोटलेलं होतं. सासरे खिडकीपाशी डोळे मिटून माळ ओढत बसले होते. टेबलावर भांडी घासून, पुसून, उलटी घातलेली. आणि पलीकडे नवरा, एका हातात चहाचा कप, समोर घरातला टॅब, आणि दुसऱ्या हाताचं एक बोट एका लयीत खाली-वर, खाली-वर.

“सोपं,” तो पुटपुटत होता. “सोपं. हे तर शेंबडं पोरही सांगेल. सोपं.”

सिस्टर दारातच थिजली.

“अहो, काय करताय?”

त्याने वर पाहिलं, आणि चेहरा उजळला. अगदी खराखुरा उजळला; हेच तर मोठं दुखणं होतं. “आलीस? लवकर कशी? बस, बस, चहा टाकतो. तुझं आजचं जवळजवळ संपवलंय बघ.”

“माझं काय संपवलंय?”

“कार्डं गं! तुझ्या फोनवरची या टॅबवरही उघडतात ना, रोज संपवतो. तू दमून येतेस, एवढा ढीग वाट बघत असतो. मागे एकदा त्या ढिगाकडे बघून रडायला लागली होतीस, आठवतं? तेव्हाच म्हटलं, मी गॅरेजमधून दुपारी मोकळा होतो, भांडी करतो, कपडे आवरतो, मग हे का नाही? बारा वर्षं झाली मला इथे. ही भाषा मला पाठ आहे. एकही चुकलेलं नाही, विचार हवं तर!”

त्याने शेवटचं अभिमानाने सांगितलं.

सिस्टर लग्न झाल्यापासून त्याला ‘अहो’ म्हणत आली होती. त्या दिवशी तिच्या तोंडातून जे निघालं त्याने खिडकीतले सासरेही डोळे उघडून बघायला लागले.

“तुला अक्कल आहे का?”

“अगं—”

“तू माझी कार्डं सोडवलीस? माझी? आज अख्ख्या वर्गासमोर मी खोटारडी ठरले! बाई म्हणाल्या, स्वतःला फसवू नका. मी देवाची शपथ घेतली! आणि इथे तू चहा पीत माझं डोकं चालवतोयस!”

“मदत केली मी!”

“ही भांडी आहेत का? माझी भांडी तू घासलीस तर भांडी स्वच्छ होतात. माझी कार्डं तू सोडवलीस तर मी शहाणी होते का?” तिने टॅब ओढून घेतला. “तुला ‘सूज’ आठवली, म्हणून हे यंत्र समजलं की मला आठवली. मला ती एकदाच भेटली, ज्या संध्याकाळी मी शिकले त्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी ती परत यायची होती. मी चुकणार होते, मग ती पुन्हा आली असती, मी पुन्हा चुकले असते, मग कधीतरी बसली असती. ते सगळं तू खाल्लंस. सगळे शब्द माझ्या दारापर्यंत आले आणि तू त्यांना बाहेरच्या बाहेर वाटेला लावलंस!”

“पण उत्तरं तर बरोबर होती…” नवरा आता पुटपुटत होता.

“उत्तरं बरोबर होती, हाच तर घात झाला! चुकीची दिली असतीस तर निदान परत तरी आली असती!”

नवऱ्याने बापाकडे पाहिलं, जणू तिथून काही आधार मिळेल. सासऱ्यांनी माळ हातात धरूनच घसा साफ केला.

“माझ्याकडे कशाला बघतोस? उद्या मी झोपलो असताना माझी माळ तू ओढलीस आणि उठल्यावर म्हणालास, ‘बाबा, तुमचं झालं बरं का’, तर मी तुला काय देईन? पेढा?”

“बाबा, तुम्ही रोज इथेच बसलेले असता. तुम्ही तरी बोलायचंत,” सिस्टर त्यांच्यावरही उलटली.

“पोरी, मला वाटलं तो खेळतोय,” म्हातारा ओशाळून म्हणाला. “इतका खूश दिसायचा.”

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. ती पुढे बोलली तेव्हा आवाज मात्र खाली आला होता. “मला आठवत नाही, हे सांगायचं माझं एकच ठिकाण होतं. वर्गात लाज वाटते, तळघरात कोणी विचारत नाही. त्या कार्डांपुढे मी चुकत होते आणि कोणी हसत नव्हतं. माझं विसरणंसुद्धा तू माझं राहू दिलं नाहीस.”

तिने टॅबचं कुलूप बदललं, नवऱ्यासमोर, त्याला बोटं दिसणार नाहीत असा टॅब धरून.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू होण्याआधीच ती बाईंना गाठायला गेली. सगळं सांगितलं. बाईंनी हात जोडले. “माफ करा. बोट दुसऱ्याचं, हे मी थट्टेत म्हटलं होतं.”

“यातून वाट काढा, बाई.”

“त्यांनी दाबलेलं एकेक करून परत घेता येणार नाही. आता एकच उपाय, सगळी कार्डं पुन्हा नवी करायची. कोरी. तुम्हाला जे खरंच येत होतं तेही त्यात जाईल, पण जे येतं ते पटपट पुढे सरकेल, काळजी नको. वॉर्डाचे शब्द आधी. बाजार, हवामान, प्रवास, ही सगळी तूर्त बाजूला ठेवा. एका दिवशी नवी थोडीच घ्या. आज भराभर घेतलीत तर त्यांच्या उजळण्या चार दिवसांनी अंगावर कोसळतील. आणि तुमची वाक्यं दाखवा.”

सिस्टरने दाखवली. ‘माझा पाय सुजला आहे.’ ‘माझा पाय ठणकतो आहे.’ ‘माझा पाय मुरगळला आहे.’

“ही बघा दुसरी चूक, आणि ही मात्र तुमची,” बाई म्हणाल्या. “सगळी वाक्यं एका साच्यातली. तिन्ही कार्डं एकमेकींत मिसळणार. शब्दाला धरून राहायला जागा हवी. कोणाचा पाय, कुठे, कसा? ज्याने तुमचं मन हललं असेल असं काहीतरी लिहा. आणि जे कार्ड वारंवार अडेल, त्याच्याशी कुस्ती खेळू नका. वाक्य बदला.”

मन हललेलं होतंच. हलवणारा घरी टेबलापलीकडे बसून मुकाट जेवत होता.

त्या रात्री सिस्टरने वाक्यं लिहायला घेतली आणि तिचा सगळा संताप त्यात उतरला. मुरगळणं: ‘नवरा जिन्यावर घसरला आणि त्याचा घोटा मुरगळला, मी हात दिला नाही.’ सूज: ‘फुशारकी मारून मारून त्याचं नाक सुजलं.’ ठणका: ‘दाढ ठणकत होती तरी त्याचं तोंड चालूच होतं.’ जळजळ: ‘मी बोलले आणि त्याच्या छातीत जळजळ झाली, औषध मिळणार नाही.’ इथल्या भाषेतली बाजू बाईंनी दुसऱ्या दिवशी वर्गात तपासून दिली. तपासताना त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

‘आठवणे’ या शब्दाचं जुनं वाक्य होतं, ‘मला आठवत नाही.’ तिने ते खोडलं आणि लिहिलं: ‘थांब, तिला स्वतःला आठवू दे.’

पहिले काही दिवस भयंकर गेले. ‘परत’, ‘परत’, ‘अवघड’, ‘परत’. एकदाचं नाक सुजलं, तर दाढ विसरायची. दाढ आली, तर घोटा गेला. पण आता कार्ड उलटायच्या आधी डोळ्यांपुढे काहीतरी उभं राहत होतं: तो जिना, तो माणूस, न दिलेला हात. आणि त्या चित्राला धरून शब्द हळूहळू वर यायला लागला. उद्या येणारी कार्डं चार दिवसांवर गेली, चारवरची आठवड्यापलीकडे. ढीग लहान होत होता, आणि या वेळी तो तिने स्वतः उपसला होता.

तिने नवऱ्याला एकच काम दिलं होतं. टॅब तिच्या हातात. त्याने दूर बसायचं, आणि ती सांगेल तो शब्द घेऊन इथल्या भाषेत एक नवं वाक्य करून बोलायचं, कार्डावर नसलेलं. कारण बाई म्हणाल्या होत्या, कार्डाचा चेहरा ओळखीचा झाला की माणसाला वाटतं शब्दच ओळखीचा झाला.

“‘मुरगळणं’ घे,” ती म्हणाली.

“माझ्या बायकोने माझा कान मुरगळला.”

“कानाला त्यांच्यात हा शब्द चालतो?”

“नाही चालत. पण मुरगळला तर आहेस.”

खिडकीपाशी सासरे खुसखुसले. सिस्टरने ओठ घट्ट मिटून ‘आलं’ दाबलं. राग गेला नव्हता. पण एका अडलेल्या शब्दापाशी ती थांबली, खूप वेळ थांबली, आणि नवऱ्याने उत्तर ओठांवर आणून पुन्हा गिळलं, तेव्हा ते गिळणं तिला दिसलं.

आठवड्याच्या शेवटी बाईंनी तिची पुन्हा तालीम घेतली. ती अडखळली, दोन ठिकाणी चुकली, पण पाय कशाने दुखतोय इथपर्यंत पोचली. बाईंनी नाव धाडलं.

परीक्षेच्या खोलीत एक पलंग होता, त्यावर पेशंट बनलेली एक वयस्क बाई, आणि कोपऱ्यात गुण देणारा परीक्षक. पलंगाशेजारी आणखी एक माणूस उभा होता. त्याची कल्पना कोणी दिली नव्हती. तो पेशंटचा मुलगा बनला होता.

सिस्टरने नमस्कार केला, स्वतःची ओळख सांगितली, आणि पेशंटला विचारलं, “कुठे दुखतंय?”

“पाठीत,” मुलगा म्हणाला.

“कधीपासून?”

पेशंटने तोंड उघडलं. “परवापासून,” मुलगा म्हणाला. “राहून राहून कळ येते. औषधं नेहमीचीच. तिला काही विचारू नका, तिला धड आठवत नाही. मी सांगतो सगळं.”

म्हातारी अर्धवट उघडलेलं तोंड तसंच ठेवून चादरीकडे बघत राहिली. नाटकच होतं, पण तिने ते फार चांगलं वठवलं होतं. सिस्टरच्या कानशिलापाशी काहीतरी तापलं. एका क्षणात तो पलंग, तो मुलगा, ती खोली सगळं दूर गेलं, आणि टेबलाशी चहाचा कप धरून बसलेला एक माणूस दिसायला लागला, एका लयीत बोट चालवणारा.

“थांबा,” ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा चढला. “यांना स्वतःला आठवू द्या.”

कार्डावर ‘थांब’ होतं, इथे ‘थांबा’ आलं. कार्डावरची ‘ती’ इथे मान देऊन ‘या’ झाली. इथल्या भाषेत त्यासाठी अख्खं वाक्य वळवावं लागतं, आणि ते वळलं, तिने न वळवता. मुलगा बनलेला माणूस दोन पावलं मागे सरला. ते नाटक होतं की खरंच सरला, कोण जाणे.

सिस्टर पलंगाच्या कडेशी बसली. “मला घाई नाही,” ती म्हातारीला म्हणाली. “सावकाश सांगा.”

म्हातारी सावकाश बोलू लागली. पाठीत ठणका आहे. परवा नाही, त्याच्या आधीपासून. आणि ती एक गोळी घेते, जी मुलाला माहीत नाही. सगळं कळलं असं नाही, दोनदा सिस्टरला विचारावं लागलं, “पुन्हा सांगता का?” एक शब्द आलाच नाही, तेव्हा तिने स्वतःच्या पाठीवर हात ठेवून दाखवलं. कोपऱ्यात परीक्षकाचं पेन चालत होतं.

निकाल यायला अवकाश होता. पण सिस्टर बाहेर पडत असताना परीक्षक दारापर्यंत आला आणि म्हणाला, “बहुतेक जण त्या मुलाचंच ऐकून घेतात, सिस्टर.”

‘सिस्टर’साठी त्याने इथल्या भाषेतला शब्द वापरला होता. तो तिच्या कार्डांत नव्हता. तिला तो कधीच आठवावा लागला नव्हता.

फाटकाबाहेर नवरा उभा होता, गॅरेजच्याच कपड्यांत, हात पुसत. तिला बघून त्याने विचारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. वाट बघत राहिला.

ती चालायला लागली. तो शेजारून चालत राहिला. कोपरा आला, रस्ता ओलांडला, बसथांबा आला, तरी त्याने एक शब्द काढला नाही.

“ठीक झालं,” ती शेवटी म्हणाली. “बहुतेक.”

“बरं,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “टॅबचं कुलूप…”

“तसंच राहील,” सिस्टर म्हणाली. “अहो, बस आली. चला.”